नाव छापलेले मग: १२ नगांना १८०, शंभराला १५०, तरी छोट्या ऑर्डरीत हाती काही का लागत नाही?

मृण्मयी_सांगली
नमस्कार मंडळी. गेली तीन वर्षं घरातून मगांवर नाव आणि फोटो छापून देते. एक सब्लिमेशन प्रिंटर, एक मग प्रेस आणि मी, एवढाच कारखाना. दर ठरवले ते आजूबाजूचे बघून: सुटा मग २२०, बारापासून पुढे १८०, शंभर असतील तर १५०.

मागच्या आठवड्यात बारशाची ऑर्डर आली. १२ मग, डिझाइन एकच, पण प्रत्येकावर येणाऱ्या वेगळ्या मुलाचं नाव. तीन दिवस मेसेज चालू होते. फुगे नकोत, हत्ती घाला, हत्ती नको, ससा घाला. शेवटी माल न्यायला आल्यावर त्या बाई म्हणाल्या, "माझ्या नणंदेच्या ऑफिसला तुम्ही १५० ने दिलेत, आम्हाला १८० कशाला? मग तर तोच आहे ना?"

मला उत्तर सुचलं नाही. गंमत म्हणजे मला स्वतःला १८० सुद्धा कमी वाटत होते. सरळ "किमान २५ नग" अशी पाटी लावू का? पण माझं निम्मं गिऱ्हाईक ६ ते १५ नगांचंच आहे.

अनघा_डोंबिवली
बारशाला मग नका देऊ हो, फुटतात. आम्ही पुतणीच्या वेळी स्टीलच्या वाट्या दिल्या होत्या, सगळ्यांना आवडल्या. छोट्या मुलांना तर त्याच बऱ्या.

मृण्मयी_सांगली
अनघाताई, मी देणारी नाही, छापणारी आहे :) प्रश्न दराचा आहे.

अनघा_डोंबिवली
अगं हो की! शीर्षक नीट वाचलंच नाही. चालू द्या.

हिशेबी_माणूस
सोपं आहे. महिन्याचा सगळा खर्च काढा, महिन्यात किती मग गेले त्याने भागा, त्यावर २५ टक्के नफा चढवा. तो तुमचा दर. मग एक घेवो नाहीतर शंभर, सगळ्यांना एकच. गिऱ्हाईक भांडणार नाही आणि तुम्हालाही लाजायला नको.

जुना_छापखाना
हिशेबीराव, भागाकार बरोबर आहे, पण भागायचं कशाने ते चुकलं. असा सरासरी दर लावला की शंभरवाला म्हणतो "महाग आहे" आणि दुसरीकडे जातो. सहावाला म्हणतो "वा, स्वस्त!" आणि मैत्रिणींना घेऊन येतो. सहा महिन्यांत तुमच्याकडे फक्त छोट्या ऑर्डरी उरतात आणि ज्या सरासरीवर दर काढला ती सरासरीच बदललेली असते. मी १९९८ साली स्क्रीन प्रिंटिंगमध्ये हे स्वतः करून पाहिलंय. लग्नपत्रिकांच्या पाकिटांवर.

मृण्मयीताई, त्या १२ मगांच्या ऑर्डरीला कोणत्या कामाला किती मिनिटं गेली ते आठवून लिहा. पैसे नंतर. आधी मिनिटं.

नाशिकचा_लेझर
माझं फायबर लेझर आहे, स्टीलच्या बाटल्यांवर नावं कोरतो. आमच्याकडे २०० बाटल्या असल्या की दर जवळजवळ निम्म्यावर येतो. ताई, तुम्ही १८० वरून १५० म्हणजे फारच कमी उतरताय. मोठं गिऱ्हाईक असं टिकत नाही.

मृण्मयी_सांगली
छापखानाकाका, लिहिते. कालच एक तशीच ऑर्डर झाली, त्यामुळे या वेळी मोबाइलवर टायमर लावूनच बसले.

मेसेज आणि फोन: ४५ मिनिटं. डिझाइन बसवणं आणि नमुन्याचं चित्र पाठवणं, दोनदा बदल धरून: ३५. प्रिंटरचे नोझल तपासून रंगाची चाचणी: १०. प्रेस तापवणं आणि पहिला मग काढून बघणं: १०. हे सगळं एकदाच.

मग प्रत्येक नाव टाइप करून, मापात बसवून, यादीशी ताडून: साधारण ३ मिनिटं. आणि प्रत्येक मगाला कागद कापणं, टेप लावणं, १८० अंशांवर तीन मिनिटं प्रेस, काढून गार करणं, खोक्यात भरणं: एक मग प्रेसमध्ये असताना पुढच्याला टेप लावून होते, म्हणून नगाला ५ मिनिटं धरते.

सामान: कोरा मग वाहतुकीसकट ७०, खोकं १२, कागद-शाई-टेप-वीज मिळून ८. म्हणजे ९०.

जुना_छापखाना
सुंदर. असं लिहून देणारं कुणी मला चाळीस वर्षांत भेटलं नाही.

आता बघा, तुमच्या कामात तीन वेगवेगळे खर्च आहेत आणि तुम्ही ते एका दरात कोंबताय. पहिला ऑर्डरीमागे: तुमची १०० मिनिटं. ती सहा मग असले तरी जातात, साठ असले तरी जातात. दुसरा नावामागे: ३ मिनिटं. तिसरा नगामागे: ५ मिनिटं आणि ९० रुपयांचं सामान. नणंदेच्या ऑफिसच्या शंभर मगांवर एकच कंपनीचं नाव होतं का?

मृण्मयी_सांगली
हो, एकच बोधचिन्ह. तेही त्यांनीच तयार फाइल पाठवलेली. एका फोनवर काम झालं.

जुना_छापखाना
मग तिथेच उत्तर आहे. त्या ऑर्डरीत नावाचा खर्च शून्य होता आणि मेसेजचाही जवळजवळ शून्य. त्या बाईंना "मग तोच" दिसतो, कारण त्यांना मगच दिसतो.

आता तुमचं एक मिनिट कितीला पडतं? महिन्याला स्वतःला किती हवेत, अधिक यंत्राची झीज, दुरुस्ती, इंटरनेट वगैरे. त्याला महिन्यातल्या *खऱ्या कामाच्या* मिनिटांनी भागा. दिवसभर घरी असता ते तास धरू नका.

मृण्मयी_सांगली
मला १८,००० सुटले तर मी खूश. बाकी खर्च ६,००० च्या आसपास. काम महिन्याला १०० तास होतं. म्हणजे तासाला २४०, मिनिटाला ४ रुपये.

जुना_छापखाना
ठीक. ऑर्डरीमागे १०० मिनिटं म्हणजे ४०० रुपये. त्यात एक वाया जाणारा मग धरा, कारण सकाळी प्रेस पुरता तापलेला नसतो आणि पहिला मग बहुधा फिका निघतो. कधी टेप सैल राहते आणि अक्षराला सावली येते. मोडतोड धरून त्याचे १०० ठेवू. म्हणजे ऑर्डरीमागे ५००. नगामागे ९० अधिक २०, म्हणजे ११०. वेगळं नाव असेल तर आणखी १२, म्हणजे १२२.

बारशाचे १२ मग: ५०० + १,४६४ = १,९६४. नगाला १६४ पडले, तुम्ही १८० घेतले. तुमची मजुरी सुटली, वर १६ रुपये. तेच ६ मग असते तर नगाला २०५ पडले असते. बाहेर कुणी सहाचा दर १८० च लावत असेल आणि त्याच्या नादाने तुम्ही लावलात, तर एका ऑर्डरीत १५० रुपये खिशातून जातात.

मृण्मयी_सांगली
काका, ६ मगांना मी १८० च लावते :( ओळखीचे असतात, "डझनाचाच लाव" म्हणतात.

जुना_छापखाना
आता पुढे बघा, खरी मेख तिथे आहे. वेगळ्या नावांचे २५ मग: नगाला १४२. शंभर: १२७. पाचशे: १२३. म्हणजे सहावरून पंचविसावर येताना ६३ रुपये उतरले, आणि शंभरावरून पाचशेवर जाताना फक्त ४. कारण प्रेसमध्ये एका वेळी एकच मग बसतो. पाचशेवा मगसुद्धा तेवढीच तीन मिनिटं तापतो. १२२ च्या खाली तुम्ही जाऊच शकत नाही, ऑर्डर कितीही मोठी असो.

नाशिकचा_लेझर
पण काका, माझा दर उतरतो तो कसा मग?

जुना_छापखाना
बाटली कोण आणतं? तुम्ही की गिऱ्हाईक?

नाशिकचा_लेझर
बहुतेक वेळा गिऱ्हाईक. मी फक्त कोरणावळ घेतो.

जुना_छापखाना
म्हणून. तुमच्या दरात सामान नाहीच, आणि नाव कोरायला किती सेकंद?

नाशिकचा_लेझर
२०-२५ सेकंद. बाटली चढवणं-उतरवणं धरून एक मिनिट. पण सुरुवातीला फोकस, रोटरी बसवणं, बाटलीच्या गोलाईवर अक्षर वाकडं जात नाही ना ते बघणं, यात अर्धा-पाऊण तास जातो. प्रत्येक कंपनीच्या बाटलीचा घेर वेगळा. आणि रंगीत बाटली असेल तर पावडर कोटिंग किती जाळायचं याची वेगळी चाचणी. हां, आलं लक्षात. माझी तयारी मोठी आणि नग चटकन होतो, म्हणून माझा दर जोरात घसरतो. ताईंचं उलट आहे.

जुना_छापखाना
अगदी. ज्याच्या यंत्रावर नग लवकर होतो त्याचीच सूट बघून तुम्ही सूट ठरवू नका, ताई.

भास्कर_कोल्हापूर
लहानपणी भांड्यांच्या दुकानात एक माणूस बसायचा, छोटं घर्र करणारं यंत्र घेऊन. आजीने घेतलेल्या प्रत्येक पातेल्यावर नाव, तारीख आणि "कडून सप्रेम भेट". तो अक्षरावर पैसे घ्यायचा. म्हणून आजी "सौ." गाळायला लावायची, दोन पैसे वाचतील म्हणून! त्याला कधी तयारीचे पैसे मागताना पाहिलं नाही.

जुना_छापखाना
भास्करराव, त्याचं गणित पक्कं होतं. हातात यंत्र, समोर भांडं, ना नमुना पाठवायचा, ना मंजुरी घ्यायची. त्याची तयारी शून्य, म्हणून अक्षराचा दर. एक वाटी आणा की रुखवताची चाळीस भांडी आणा, त्याला फरक पडत नव्हता. ताईंचा खरा खर्च मगात नाहीच, तो हत्ती-सशात आहे.

हिशेबी_माणूस
बरं, माघार. मग टप्पे करा ना सरळ. ११ पर्यंत २४५, १२ ते २४ ला १९५, २५ ते ४९ ला १७०, ५० च्या पुढे १५५. सगळे असंच करतात, गिऱ्हाईकाला कळायला सोपं.

शाळेची_बाई
मी गिऱ्हाईक म्हणून बोलू का? आमच्या शाळेत शिक्षक दिनाला दरवर्षी असं काहीतरी करतो. आम्ही २२ जण. तुमच्या टप्प्याने २२ गुणिले १९५ म्हणजे ४,२९०. आणि २५ घेतले तर ४,२५०. मी २५ च घेणार! तीन मगांवर "पाहुणे" लिहून स्टाफरूममध्ये ठेवणार आणि वर ४० रुपयांचा वडापाव खाणार.

हिशेबी_माणूस
😅 बाईंनी शाळेत गणितच शिकवलं असणार.

शाळेची_बाई
भूगोल.

जुना_छापखाना
टप्प्यांची हीच खोड आहे. प्रत्येक पायरीच्या अलीकडे दोन-चार नगांचा असा पट्टा तयार होतो, जिथे जास्त घेणाऱ्याला कमी पैसे पडतात. तुम्ही तीन मग फुकट द्याल, त्यांचं सामान आणि मजुरी दोन्ही तुमची. मी ताईंना सांगेन, दर दोन आकड्यांत सांगा. ऑर्डरीचे ६०० आणि प्रत्येक मगाचे १४५. नफा त्यातच धरलाय.

सहा मग १,४७०, म्हणजे २४५ एकेकी. बारा २,३४०, म्हणजे १९५. बाईंचे बावीस ३,७९०, म्हणजे १७२. शंभर १५,१००, म्हणजे १५१, जवळजवळ तुमचा आत्ताचाच दर. कुठेही उडी नाही. एक मग वाढला की बरोबर १४५ वाढतात. आणि सगळ्यांवर एकच मजकूर असेल तर १४५ चे १३० करा.

शाळेची_बाई
हिशेब पटला, पण खरं सांगू? कोटेशनमध्ये "तयारीचे ६००" असं वेगळं दिसलं की मी आधी तेच काढून टाकायला सांगेन. सगळेच सांगतात. रिक्षावाल्याचं मीटर शून्यापासून सुरू होत नाही हे मान्य असतं, पण ते आकार वेगळा सांगत नाहीत ना.

हिशेबी_माणूस
बाईंचा मुद्दा मान्य. आत ठेवा, बाहेर फक्त एकूण रक्कम सांगा. "१२ मग, नावांसकट, २,३४०." नगाचा दर विचारलाच तर भागाकार त्यांनाच करू दे.

जुना_छापखाना
मी उलटं म्हणेन. वेगळं दाखवलं की "हे ६०० कशाचे" हा प्रश्न येतो आणि मगच सांगता येतं की दोन बदल त्यात आहेत, तिसऱ्या बदलाला १०० पडतील. लपवलं की हत्ती-ससा फुकट होऊन बसतो. पण सांगलीचं गिऱ्हाईक ताईंना जास्त माहीत.

मृण्मयी_सांगली
मी दोन्ही करून बघते. ओळखीच्यांना एकूण, कंपन्यांना वेगळं.

सुट्या मगाचं काय? ६०० + १४५ म्हणजे ७४५. कुणी मारेल मला.

नाशिकचा_लेझर
सुट्याला आठ-दहा तयार डिझाइन ठेवा. "यातलं एक निवडा, नाव पाठवा, बाकी बदल होणार नाही." मी तसंच करतो. मेसेज पाच मिनिटांत संपतात. आणि सुटे लगेच छापू नका. गुरुवार आणि रविवार ठरवा, जमतील तेवढे एकदम. तुमचा कागद ए-फोर असेल तर एका पानावर तीन मग बसत असतील ना?

मृण्मयी_सांगली
हो, तीनच. एक सुटा मग छापला की दोन तृतीयांश कागद कोरा. तो मी कापून ठेवते, पण दमट हवेत कागद ओल धरतो आणि पुढच्या मगावर डाग येतात. पावसाळ्यात तर टाकूनच द्यावा लागतो.

जुना_छापखाना
सुटे एकत्र छापणं चांगलंच. पण त्यातून किती वाचतं तेही बघा. नोझल आणि प्रेस मिळून तुमची २० मिनिटं वाटली जातील. उरलेली ८० मिनिटं मेसेज आणि डिझाइनची आहेत, ती एकत्र होत नाहीत. ती तयार डिझाइननेच वाचतील. दोन्ही केलंत तर सुट्याची तयारी १५० रुपयांत बसेल, म्हणजे २९५ ला मग. २२० ला देत होतात तेव्हा मागे किती उरत होतं, विचारू नका.

वैदेही_टाइपसेटिंग
नावामागे ३ मिनिटं यावर मला बोलायचंय. कोरलड्रॉमध्ये प्रिंट मर्ज आहे, नावांची यादी दिली की सगळी पानं आपोआप तयार होतात. टायपिंगचा वेळ वाचतो. पण ताडून बघायचा वेळ वाचत नाही, आणि तोच मोठा असतो. शिवाय "उमा" आणि "ज्ञानेश्वरी" एकाच मापात येतात. एक मगावर हरवतं, दुसरं कानाच्या खाली जातं. लांब नावं हाताने लहान करावीच लागतात.

जुनं कोरल असेल तर व्हॉट्सॲपवरून चिकटवलेलं युनिकोड मराठी नीट दिसत नाही, जोडाक्षरं सुटतात, ऱ्हस्व वेलांटी भलत्या अक्षरावर जाते. म्हणून लोक जुन्याच फॉन्टमध्ये पुन्हा टाइप करतात आणि चूक तिथेच होते. तुमचं कोणतं आहे?

मृण्मयी_सांगली
जुनंच आहे. पुन्हाच टाइप करते. आणि यादी कशी येते माहितीये? अर्धी वहीच्या पानाचा फोटो, अर्धी इंग्रजीत. बारशाच्या यादीत ए-आर-वाय-ए होतं. मी "आर्या" छापलं. तो मुलगा निघाला. "आर्य". तो मग पुन्हा केला, पैसे माझे.

वैदेही_टाइपसेटिंग
ही चूक तुमची नाही, यादीची आहे. नियम करा: नावं मराठीतच, टाइप करून, एका ओळीवर एक. इंग्रजीतून आली तर उच्चार विचारायचा वेळही नावाच्या खर्चात धरा. "श्रद्धा", "प्रज्ञा", "ऋत्विक" ही नावं छापण्याआधी मोठी करून डोळ्यांनी बघा. छापण्याआधी अख्ख्या यादीचं एक चित्र पाठवून "बरोबर" असं लेखी घ्या. त्यानंतरची चूक त्यांची.

भास्कर_कोल्हापूर
आजीच्या एका तांब्यावर अजून "सौ. कमाल" आहे. कमल होतं. तिने तो वापरलाच नाही.

मृण्मयी_सांगली
दोन आठवड्यांनी परत आले. नवा हिशेब चालू केला. चार छोट्या ऑर्डरी आल्या. तिघांनी एकूण रक्कम ऐकून हो म्हटलं, एक ६ मगांची गेली. खरं सांगायचं तर हलकं वाटलं. "किमान २५" ची पाटी लावली नाही.

एका कंपनीने ५०० मग वेगवेगळ्या नावांचे, १२० ने मागितले. पूर्वी मी उडी मारली असती. या वेळी मिनिटं मोजली. पाचशेला ८ मिनिटं म्हणजे ६६ तासांच्या वर, एका प्रेसवर. दिवाळीच्या तोंडावर. आणि १२२ चा माल १२० ने. नाही म्हटलं. नवरा अजून माझ्याशी नीट बोलत नाहीये.

आता नवा प्रश्न. बारशाच्या त्याच बाईंचा फोन आला, एक नाव यादीत राहिलं होतं. त्यांना एक मग हवाय, त्याच डिझाइनचा. फाइल माझ्याकडे आहे. काय घेऊ?

हिशेबी_माणूस
१९५. तेच ना, त्यांचा डझनाचा दर. तेराव्या मगाला वेगळा दर कसा?

जुना_छापखाना
फाइल शोधून, नाव बसवून, प्रेस तापवून, एका मगासाठी. २९५ घ्या, सुट्याचा दर. रविवारच्या सुट्यांबरोबर छापला तरच, नाहीतर तेही परवडणार नाही.

शाळेची_बाई
मी त्या बाई असते आणि २९५ सांगितले असते तर पुन्हा आले नसते. १४५ घ्या आणि रविवारी द्या. राहिलेलं नाव प्रत्येक ऑर्डरीत असतंच, तुमच्या ६०० मध्येच ते धरा ना.

मृण्मयी_सांगली
६०० मध्ये हत्ती धरला, ससा धरला, आता राहिलेलं नावही... त्यांना रविवारचं सांगितलंय. रक्कम अजून सांगितली नाही.